परीक्षेच्या दारात अडणारे नाव

आपल्या भागातील मुले-मुली दरवर्षी मोठ्या संख्येने बँकेच्या लिपिक पदाच्या परीक्षेस बसतात. सार्वजनिक क्षेत्रातील बहुतेक बँकांसाठी ही सामाईक भरती परीक्षा 2011 पासून आयबीपीएस ही संस्था घेते. तयारी गणिताची, इंग्रजीची, तर्कशक्तीची होते. परंतु केंद्राच्या दारावर पहिली तपासणी होते ती नावाची. प्रवेशपत्रावरील नाव आणि हातातील फोटो ओळखपत्रावरील नाव जुळले नाही, तर उमेदवाराला आत बसू देत नाहीत. हा विषय किरकोळ वाटतो म्हणून राहून जातो. सबब तो येथे सविस्तर मांडत आहे.

या संस्थेच्या नियमावलीत नावासंबंधी दोन वाक्ये आहेत आणि ती दोन्ही एकत्र वाचावी लागतात. पहिले असे की, अर्जातील नावाचे स्पेलिंग प्रमाणपत्रे, गुणपत्रके आणि ओळखपत्र यांवर आहे तसेच असावे. दुसरे असे की, प्रवेशपत्रावरील नाव फोटो ओळखपत्राशी तंतोतंत जुळावे आणि लग्नानंतर नाव बदललेल्या महिलांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. म्हणजे अर्जातल्या नावाला एकाच वेळी दोन कागदांशी जुळायचे आहे. ते दोन कागदच एकमेकांशी जुळत नसतील, तर अर्ज कितीही काळजीपूर्वक भरला तरी एका बाजूने चूक ठरणारच. म्हणून दुरुस्तीची सुरुवात अर्जापासून नव्हे, तर अर्जाच्या आधी कागदांपासून केली पाहिजे.

हे कागद जुळत का नाहीत? शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये आपले नाव मराठीत असते. त्याचे इंग्रजी स्पेलिंग खऱ्या अर्थाने ठरते ते दहावीच्या परीक्षेचा फॉर्म भरताना. बोर्डाच्या गुणपत्रकावर आधी आडनाव, मग स्वतःचे नाव आणि मग वडिलांचे नाव, असा क्रम असतो. आधारची सुरुवात 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी झाली आणि पुढे गावोगावी नोंदणी झाली. त्या वेळी समोर रेशनकार्ड किंवा मतदार ओळखपत्र असे, दहावीचे गुणपत्रक क्वचितच. टंकलेखकाने ऐकून किंवा पाहून जे टाइप केले, ते नाव कायम झाले. अशा रीतीने एकाच माणसाची दोन इंग्रजी नावे तयार झाली आणि मराठीत दोन्ही सारखीच दिसत असल्यामुळे घरात कोणाच्या ध्यानात आले नाही.

सांगली-कोल्हापूरकडे यात आणखी एक भर आहे. आपल्याकडे वडिलांचे नाव बाळासो, बापूसो, आण्णासो असे लिहिण्याची रीत आहे. हेच नाव एका कागदावर BALASO, दुसऱ्यावर BALASAHEB आणि तिसऱ्यावर नुसते BALU असे सापडते. आडनावात KAMBLE आणि KAMBALE, WAGHMARE आणि VAGHMARE हे फरक नेहमीचे आहेत. शब्द तेच असून फक्त क्रम पुढेमागे असेल, तर सहसा अडचण येत नाही, कारण अर्जातच नाव, मधले नाव आणि आडनाव असे वेगळे रकाने असतात. अडचण येते ती अक्षर कमी-जास्त असल्यास, मधले नाव एका ठिकाणी पूर्ण व दुसऱ्या ठिकाणी नुसते आद्याक्षर असल्यास, किंवा आडनावच वेगळे असल्यास.

आपले नाव जुळते की नाही हे पाहण्याची रीत सोपी आहे. दहावीचे गुणपत्रक, पदवीचे गुणपत्रक, आधार, पॅन आणि जातीचा दाखला हे सर्व कागद समोर ठेवावेत. प्रत्येकावरील इंग्रजी नाव मोठ्या अक्षरांत एकाखाली एक उतरवून घ्यावे आणि अक्षर न् अक्षर ताडून पाहावे. दहावीचे नाव आधारभूत मानावे, कारण पदवीची नोंद त्यावरूनच झालेली असते आणि ते बदलणे सर्वांत कठीण. शाळा सोडल्यानंतर त्यातील दुरुस्ती शाळा आणि बोर्ड यांच्यामार्फतच होते व तिला मोठा वेळ लागतो. त्या मानाने आधार बदलणे सोपे. म्हणून दहावीप्रमाणे आधार करून घ्यावे, आधारप्रमाणे दहावी करण्याच्या नादी लागू नये.

आता अविवाहित विद्यार्थ्याचे उदाहरण घेऊ. समजा, गुणपत्रकावर KAMBLE AMOL BAPUSO आहे आणि आधारवर AMOL BAPUSO KAMBALE. फरक एका अक्षराचा आहे. बोर्डाचे गुणपत्रक घेऊन आधार केंद्रावर जावे आणि नावाची दुरुस्ती मागावी. पावती देण्यापूर्वी केंद्रचालक टाइप केलेले नाव पडद्यावर दाखवतो, ते तेथेच एकेक अक्षर वाचावे. आधारमध्ये नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते. त्यानंतरच्या बदलासाठी राजपत्राची प्रत आणि वेगळी परवानगी लागते. तेव्हा घाईत दुसरी चूक करून घेऊ नये.

दुरुस्ती मंजूर झाल्यावर एक गोष्ट पुष्कळ जण विसरतात. पाकिटातले जुने, प्लॅस्टिकचे आवरण घातलेले आधारकार्ड आपोआप बदलत नाही. त्यावर KAMBALE तसेच राहते आणि परीक्षेच्या दिवशी सवयीने तेच हाती येते. म्हणून नवे ई-आधार उतरवून, फोटो स्पष्ट दिसेल असे छापून घ्यावे. फोटो असलेले ई-आधार या परीक्षेस चालते. रेशनकार्ड आणि शिकाऊ वाहन परवाना मात्र ओळखपत्र म्हणून चालत नाहीत.

विवाहित भगिनींचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे, म्हणून त्याचे उदाहरण पूर्ण पाहू. समजा, तासगाव तालुक्यातील एका मुलीचे दहावी आणि पदवीचे नाव SUJATA BALASO KAMBLE आहे. लग्नानंतर तिने आधारवर SUJATA PRASHANT WAGHMARE असे नाव करून घेतले. जातीचा दाखला मात्र वडिलांच्या जातीवरून मिळतो, त्यामुळे तो माहेरच्या नावानेच आहे. तिने अर्ज कोणत्या नावाने भरावा?

सासरच्या नावाने भरला, तर केंद्राच्या दारात आधार जुळेल, पण पुढे कागदपत्र तपासणीत गुणपत्रके आणि जातीचा दाखला दोन्ही वेगळे निघतील. माहेरच्या नावाने भरला, तर ते दोन्ही जुळतील आणि वेगळे राहील ते फक्त ओळखपत्र. एका ठिकाणचा फरक सांधणे हे दोन ठिकाणचा फरक सांधण्यापेक्षा सोपे. म्हणून माझ्या मते अर्ज SUJATA BALASO KAMBLE या नावाने भरावा. तिच्याकडे अगदी याच नावाचे मान्य ओळखपत्र असेल, उदाहरणार्थ लग्नाआधीचे पॅन कार्ड, तर तेच न्यावे. नसेल तर आधार न्यावे आणि सोबत नावबदलाचा मूळ पुरावा न्यावा. नाव बदललेल्या उमेदवारास राजपत्र, विवाह प्रमाणपत्र किंवा प्रतिज्ञापत्र यांपैकी एक मूळ स्वरूपात दाखवल्यास बसू देण्याची तरतूद नियमात आहे. झेरॉक्स दाखवून भागत नाही.

विवाह प्रमाणपत्राबाबत दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. मंगल परिणयाच्या वेळी धार्मिक संस्थेकडून मिळालेला दाखला वेगळा आणि शासकीय निबंधकाचे नोंदणी प्रमाणपत्र वेगळे. महाराष्ट्रात विवाह नोंदणीचा कायदा 1998 चा आहे आणि त्याप्रमाणे ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत किंवा महानगरपालिकेत मिळणारे प्रमाणपत्र परीक्षेस न्यावे. नोंदणी वेळेत झाली नसल्यास दंड भरून उशिराही करता येते, पण ते काम अर्ज भरण्याच्या आधी उरकावे. दुसरी गोष्ट, त्या प्रमाणपत्रात वधूचे माहेरचे नाव कसे लिहिले आहे ते पाहावे. तेथे ‘बाळासाहेब’ पडले असेल, तर ज्या कागदाने दोन नावे जोडायची, तोच तिसरे नाव उभे करतो. अशा वेळी प्रतिज्ञापत्र जोडावे आणि त्यात तिन्ही नावे कागदावर आहेत त्याच स्पेलिंगमध्ये, कोणत्या कागदावर कोणते ते नमूद करून लिहावीत.

येथे प्रतिज्ञापत्राची मर्यादाही सांगणे जरूर आहे. वरील तरतूद नाव बदललेल्यांसाठी आहे. स्पेलिंगची चूक म्हणजे नावबदल नव्हे. त्यामुळे KAMBLE-KAMBALE सारख्या फरकाला प्रतिज्ञापत्र आधार देईल, पण हमी देणार नाही. केंद्रावरील कर्मचाऱ्यांना नियमाबाहेर जाण्याचा अधिकार नसतो आणि त्यांच्याशी वाद घालण्यात हजेरीची वेळ निघून जाते. स्पेलिंगचा फरक कागदावरच मिटवणे हाच खरा उपाय.

दुरुस्तीची वेळही महत्त्वाची आहे. लिपिक पदासाठी पूर्व आणि मुख्य अशा दोन परीक्षा असतात. पूर्व परीक्षेत शिक्का मारून मिळालेले प्रवेशपत्र व ओळखपत्राची प्रत मुख्य परीक्षेला पुन्हा न्यावी लागते. काही भगिनी याच मधल्या काळात आधारवरील नाव बदलतात आणि जुळत असलेले नाव स्वतःच्या हाताने बिघडवतात. जे बदलायचे ते अर्ज भरण्यापूर्वी, नाही तर नेमणुकीचे सर्व सोपस्कार संपल्यावर. मध्ये काहीही नको.

अर्ज भरून पाठवल्यानंतर नावातली चूक ध्यानात आली आणि अर्जाची मुदत अजून शिल्लक असेल, तर बरोबर नावाने पुन्हा संपूर्ण अर्ज करता येतो. एकाहून अधिक अर्ज असल्यास शेवटचा पूर्ण भरलेला अर्ज ग्राह्य धरतात आणि आधीचे शुल्क बुडते. शुल्क बुडालेले परवडते. मुदतीनंतर दुरुस्तीची सोय उघडली, तरी तिच्यात नावाचा रकाना बदलता येईलच असे नाही, म्हणून तिच्या भरवशावर राहू नये.

हे नियम आयबीपीएसचे आहेत. लोकसेवा आयोग, रेल्वे किंवा वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षांचे नियम वेगळे असतात व कोठे प्रतिज्ञापत्र चालते, कोठे राजपत्रच लागते, हे त्या त्या सूचनेत दिलेले असते. प्रवेशपत्र हाती येताच त्याच्या मागील सूचना वाचाव्यात, त्यावरील नाव पुन्हा एकदा ओळखपत्राशी ताडून पाहावे आणि ज्या कागदाशी ताडले तोच मूळ कागद, त्याच्या एका झेरॉक्ससह, आदल्या रात्री पिशवीत ठेवावा. केंद्र कोल्हापूर किंवा पुण्याला आले असेल, तर घरी राहिलेला कागद आणायला परत येता येत नाही.