आत्याला पत्र लिहिताना

न्यू जर्सीत राहणाऱ्या आत्याला साताऱ्याच्या भाच्याने लिहिलेले हे पत्र पाहा. असे कच्चे खरडे बहुतेक घरांत तयार होतात, म्हणून हा इथे नमुन्यासाठी घेतला आहे.

«तीर्थस्वरूप आत्या, साष्टांग नमस्कार. तुम्ही कसे आहात? तू पाठवलेला स्वेटर मिळाला. तो तुम्ही स्वतः विणलास हे कळून वडिलाना फार आनंद झाला. आजी आता बरी आहे. १०/११ ला ताईचा साखरपुडा आहे. तुम्ही आणि काका नक्की या. विमानाची तारिख लवकर कळव. आम्हाला तुमचे आर्शिवाद हवेत.»

फोनमधला शब्दतपासनीस इथे फार तर ‘आर्शिवाद’ आणि ‘तारिख’ पकडेल. बाकीच्या बहुतेक चुका त्याला दिसत नाहीत, कारण ‘विणलास’, ‘कळव’, ‘कसे’ हे शब्द एकेकटे अगदी शुद्ध आहेत. बिघाड आहे तो नात्यात: आत्या एका वाक्यात ‘तुम्ही’ आहेत, तर दुसऱ्यात ‘तू’. म्हणून आधी आदर तपासावा आणि मग शुद्धलेखन.

पहिला प्रश्न व्याकरणाचा नाहीच. फोनवर तुम्ही ‘ए आत्या’ म्हणता की ‘अहो आत्या’? जे तोंडी, तेच कागदावर. लहानपणापासून ‘तू’ असलेल्या आत्याला पत्रात अचानक ‘तुम्ही’ केले, तर ‘माझं काही चुकलं का?’ असा तिचा फोन यायचा. या घरात ‘अहो’ आहे असे धरू. ‘आपण’ मात्र मी टाळेन. तो आदराचा खरा, पण ‘आपण दिवाळीला घर रंगवले’ या वाक्यात रंगवणारे आत्या की आम्ही सगळे, हे कळत नाही.

‘तुम्ही’ ठरले की प्रत्येक क्रियापदाचे शेपूट पाहायचे. सगळ्यात फसवे ठिकाण म्हणजे सकर्मक भूतकाळ. ‘आत्या आल्या’ यात आदर क्रियापदात सरळ दिसतो. पण विणण्याच्या वाक्यात क्रियापद कर्त्याकडे न बघता स्वेटरच्या मागे जाते: स्वेटर विणला, शाल विणली, मोजे विणले. कर्त्याची खूण उरते ती फक्त शेवटच्या अक्षरात, ‘तू’ला ‘स’ आणि ‘तुम्ही’ला ‘त’. म्हणून ‘तू विणलास’, पण ‘तुम्ही विणलात’. बोलताना नुसते ‘तुम्ही विणला’ही चालते, ‘तुम्ही विणलास’ मात्र कुठेच चालत नाही. वाक्य आधी ‘तू’ने लिहून नंतर फक्त सर्वनाम बदलले की हा ‘स’ हमखास मागे राहतो. ‘पाठवलेला’ला असे शेपूट नसते, तिथे ‘तू’चे ‘तुम्ही’ केले की काम संपते. आज्ञार्थात ‘कळव’चे ‘कळवा’ होते.

‘कसे आहात’ची अडचण वेगळी. आदर म्हणून बहुवचन लावले तरी लिंग बदलत नाही, त्यामुळे एकट्या आत्यांना ‘कशा आहात’. विचारणा दोघांची असेल तर ‘तुम्ही आणि काका कसे आहात’ बरोबर. आजीला मात्र घरात सगळेच ‘तू’ म्हणतात, तेव्हा ‘आजी बरी आहे’ तसेच राहू द्यावे.

आता शुद्धलेखन. ‘वडिलाना’वर अनुस्वार हवा, कारण व्यक्ती एकच असली तरी आदरार्थी रूप अनेकवचनाचे: ‘वडिलांना’. १९६२च्या लेखननियमांप्रमाणे ‘आम्हांला’, ‘तुम्हांला’ यांवरही अनुस्वार आहे, पण आज तो सर्रास गळतो. मी त्यावरून कोणाचे पत्र परत करणार नाही. ‘वडील’मधला दीर्घ ‘डी’ प्रत्यय लागताच ऱ्हस्व होतो, जसे बहीण-बहिणीला, दूध-दुधाला. ‘तारीख’मध्ये तर तो प्रत्ययापुढे नाहीसाच होतो, ‘तारखेला’. ‘आशीर्वाद’मध्ये ‘शी’ दीर्घ आणि रफार ‘वा’वर, ‘आ-शीर्-वाद’ असे तोडून म्हटले की रफार आपोआप जागेवर बसतो.

दुरुस्त पत्र असे:

«तीर्थस्वरूप आत्या, साष्टांग नमस्कार. तुम्ही कशा आहात? तुम्ही पाठवलेला स्वेटर मिळाला. तो तुम्ही स्वतः विणलात हे कळून वडिलांना फार आनंद झाला. आजी आता बरी आहे. १० नोव्हेंबरला ताईचा साखरपुडा आहे. तुम्ही आणि काका नक्की या. विमानाची तारीख लवकर कळवा. आम्हांला तुमचे आशीर्वाद हवेत.»

तारखेतला बदल व्याकरणाचा नाही. अमेरिकेत महिना आधी लिहितात, त्यामुळे तिकडे मुरलेल्या काकांनी १०/११ ही ११ ऑक्टोबर वाचली, तर तिकिटे महिनाभर आधीची निघतील.