क्लोझापिनच्या रिपोर्टवरचा गुणाकार

स्किझोफ्रेनियाचे काही रुग्ण नेहमीच्या औषधांनी बरे होत नाहीत. वेगवेगळी दोन औषधं, प्रत्येक पुरेशा मात्रेत आणि निदान सहा आठवडे देऊनही कानातले आवाज थांबत नाहीत, संशय जात नाही. अशा वेळी डॉक्टर क्लोझापिनचा विचार करतात. 1970च्या दशकात हे औषध युरोपात वापरात होतं. 1975 साली फिनलंडमध्ये ते घेणाऱ्या काही रुग्णांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकाएकी घटल्या, साध्या जंतुसंसर्गाशी लढायची ताकद राहिली नाही आणि आठ जण दगावले. बऱ्याच देशांत औषध मागे पडलं. 1988 साली अमेरिकेत जॉन केन यांच्या चाचणीने दाखवलं, की इतर औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांपैकी सुमारे 30 टक्के क्लोझापिनने सुधारतात. तुलनेच्या जुन्या औषधाने जेमतेम 4 टक्के सुधारले. औषध परत आलं, पण रक्ततपासणीची अट घेऊनच. ही अट वॉर्डात प्रत्यक्ष पाळते ती सिस्टर.

पहिली गोळी देण्याआधी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची पूर्ण मोजणी, ईसीजी, वजन, उपाशीपोटी साखर आणि हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यास वाढणारं ट्रोपोनिन यांची नोंद केसपेपरवर असायला हवी. पुढच्या प्रत्येक आकड्याची तुलना याच आकड्यांशी व्हायची असते. रुग्णाला आणि नातेवाइकांना रक्त वारंवार का काढणार हे आधी समजावून सांगावं. चौथ्या आठवड्यात कंटाळून ‘आता नको’ म्हणणारे बहुतेक तेच असतात, ज्यांना हे आधी नीट सांगितलेलं नसतं.

सुरुवात 12.5 मिलिग्रॅमने होते, म्हणजे 25च्या गोळीचा अर्धा तुकडा. पहिल्या मात्रेनंतर सहा तास दर तासाला नाडी, ताप आणि रक्तदाब पाहायचा. रक्तदाब आडवं झोपवून एकदा आणि उभं करून एकदा, कारण हे औषध उभं राहताच रक्तदाब पाडतं आणि रुग्ण बाथरूमच्या वाटेवर कोसळतो. वरचा आकडा उभं राहिल्यावर 30ने उतरला, तर पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांना कळवायचं. मात्रा दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवतात. आपल्याकडच्या रुग्णांत तर आणखी संथपणे वाढवावी, असं अलीकडे तज्ज्ञ सांगतात. यात एक कडक नियम आहे. गोळ्या 48 तासांपेक्षा जास्त चुकल्या, तर जुनी मात्रा पुन्हा द्यायची नाही, परत 12.5पासून सुरू करायचं. सुट्टीवर घरी जाऊन आलेल्या रुग्णाला म्हणूनच आधी विचारावं, ‘दादा, घरी गोळ्या रोज घेतल्या का? शेवटची कधी?’

रक्ततपासणीचं एक प्रचलित वेळापत्रक असं: पहिले 18 आठवडे दर आठवड्याला, मग वर्ष भरेपर्यंत पंधरा दिवसांनी, नंतर औषध चालू असेपर्यंत महिन्याला. पेशी घटण्याचा सर्वांत जास्त धोका सहाव्या ते अठराव्या आठवड्यात असतो, म्हणून सुरुवातीला इतकी घाई. पाहायचा असतो एएनसी, म्हणजे न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींचा प्रत्यक्ष आकडा. आपल्याकडच्या बऱ्याच लॅबच्या रिपोर्टवर तो थेट छापलेला नसतो. एकूण पांढऱ्या पेशी आणि न्यूट्रोफिलची टक्केवारी दिलेली असते. गुणाकार आपण करायचा.

समजा, तिसऱ्या आठवड्याच्या रिपोर्टवर एकूण पांढऱ्या पेशी 4,100 आहेत आणि न्यूट्रोफिल 44 टक्के. लॅबच्या लेखी पेशींची खालची मर्यादा 4,000 आणि न्यूट्रोफिलची 40 टक्के, म्हणून कुठेच खूण नाही. रिपोर्ट नॉर्मल म्हणून फाइलला लागतो. पण 4,100चे 44 टक्के म्हणजे 1,804. क्लोझापिनसाठी ब्रिटनमध्ये रूढ झालेल्या तक्त्यात एकूण पेशी 3,500च्या आणि न्यूट्रोफिल 2,000च्या वर असतील तर हिरवा रंग, तपासणी ठरल्याप्रमाणे. न्यूट्रोफिल 1,500 ते 2,000 किंवा एकूण पेशी 3,000 ते 3,500 असतील तर पिवळा. म्हणजे आपला हा रुग्ण पिवळ्यात आहे. गोळी चालू राहील, पण रक्त आता आठवड्यातून दोनदा. समजा, तीन दिवसांनी 3,900 आणि 56 टक्के आले. या वेळी लॅबने एकूण पेशी कमी म्हणून खूण केली, पण गुणाकार 2,184 येतो. रुग्ण पुन्हा हिरव्यात आला. जिथे लॅबने खूण केली तिथे काळजी नव्हती, आणि जिथे काळजी होती तिथे खूण नव्हती. म्हणून रिपोर्ट हातात येताच गुणाकार करून आकडा लाल पेनाने वर लिहावा आणि मगच गोळीच्या ट्रेला हात लावावा, असं माझं ठाम मत आहे. रिपोर्ट आला नसेल तर गोळी द्यायच्या आधी डॉक्टरांना फोन.

न्यूट्रोफिल 1,500च्या किंवा एकूण पेशी 3,000च्या खाली गेल्या तर लाल. गोळी त्याच क्षणी बंद, रक्त रोज, ताप आणि घसा यांवर नजर, आणि रक्तविकारतज्ज्ञांचा सल्ला. काही जणांचा आकडा सकाळी कमी आणि दुपारी जास्त भरतो. वारंवार काठावर येणाऱ्या रुग्णाचं रक्त दुपारी काढून पाहण्याबद्दल डॉक्टरांशी बोलावं.

पण नजर फक्त रक्तावर ठेवली तर दुसऱ्या दोन गोष्टी निसटतात. पहिल्या महिन्यात हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते. ताप, छातीत दुखणं, दम, आणि विश्रांतीतही नाडी 120च्या वर किंवा नेहमीपेक्षा 30ने जास्त, अशी त्याची लक्षणं. म्हणून पहिले चार आठवडे ट्रोपोनिन आणि सीआरपी दर आठवड्याला करतात. दुसरी गोष्ट बद्धकोष्ठ. क्लोझापिन आतड्यांची हालचाल मंदावतं, आणि आतडं अडून होणारे मृत्यू पेशी घटून होणाऱ्या मृत्यूंपेक्षा कमी नाहीत. ‘शौचाला झालं का?’ हा प्रश्न रोज विचारून तक्त्यावर लिहायचा. घरचे मायेने इसबगोल घेऊन येतात, पण मंदावलेल्या आतड्यात ते फुगून बसू शकतं. डॉक्टरांनी लिहिलेलं रेचकच द्यावं. पोट फुगलं, दुखू लागलं, उलटी झाली तर सकाळच्या राउंडची वाट पाहू नये.

डिस्चार्जच्या वेळी बिडी-सिगारेटबद्दल विचारायला हवं. धुरातले घटक क्लोझापिनचा निचरा जलद करतात. वॉर्डात बिडी बंद असताना ठरलेली मात्रा घरी बिडी सुरू होताच अपुरी पडू शकते. उलट ओढणाऱ्या माणसाने एकदम सोडली, तर तीच मात्रा जड होऊन गुंगी किंवा फिट येऊ शकते. हा परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नाही, म्हणून तंबाखू मळणाऱ्याच्या बाबतीत तो होत नाही. बिडी धरली किंवा सोडली की डॉक्टरांना सांगायचं, हे घरच्यांनाही सांगून ठेवावं.

तुमच्या घरात कुणी क्लोझापिन घेत असेल, तर एवढं करा. ताप आला, घसा धरला किंवा तोंडात फोड आले, तर नुसती तापाची गोळी देऊन दोन दिवस थांबू नका. त्याच दिवशी जवळच्या लॅबमध्ये सीबीसी करून घ्या, तिथे सांगा की न्यूट्रोफिलचा आकडा हवा आहे, आणि रिपोर्ट संध्याकाळच्या आत डॉक्टरांपर्यंत पोहोचवा.