बेसन, दही, हळद चालेल. लिंबू मात्र चेहऱ्यापासून दूर ठेवा

निकाहची तारीख ठरली की घरात उबटनाची तयारी सुरू होते. कोंडाण्यासारख्या गावात पार्लर गाठायचे म्हणजे कर्जतला जावे लागते, म्हणून बेसन, दही, हळद आणि लिंबू एका वाटीत कालवून काम भागते. आया-आजींनीही हेच केले. पण या चार वस्तूंचे काम सारखे नाही. तीन समजून वापरता येतात, चौथी त्रास देते.

बेसन चेहऱ्यावरचे तेल आणि धूळ शोषून घेते आणि धुताना ती सोबत घेऊन जाते. त्याने रंग बदलत नाही, चेहरा स्वच्छ होतो. ज्यांची त्वचा तेलकट आहे त्यांना फरक लगेच जाणवतो, पण काही तासांनी तेल परत येतेच. कोरड्या त्वचेवर नुसते बेसन पाण्यात कालवून लावले तर ती ओढल्यासारखी होते.

तिथे दही उपयोगी पडते. दह्यात लॅक्टिक आम्ल असते. त्वचेवरच्या मृत पेशी सैल करण्यासाठी क्रीममध्येही हेच आम्ल घालतात. दह्यात ते थोडेच असते, म्हणून परिणामही सौम्य असतो. चेहरा एखाद-दोन दिवस मऊ लागतो, इतकेच. दही ताजे आणि बिनसाखरेचे घ्यावे. फुटलेल्या पुटकुळ्यांवर ते लावू नये.

हळद चिमूटभरच पुरे. जास्त घातली तर गोरेपणा येत नाही, पिवळेपणा चढतो. हळदीचा डाग साबणाने धुतला की लालसर होतो, हे प्रत्येक घरात पाहिलेले असते. म्हणून पॅकनंतर लगेच साबण लावू नये. बोटभर तेल किंवा साय चोळून पुसावे, मग पाण्याने धुवावे. बाजारातल्या सुट्या, भडक पिवळ्या पुडीत रंगाची भेसळ असू शकते. तोंडाला लावायची हळद शक्यतो हळकुंड दळून घेतलेली असावी. काहींना खऱ्या हळदीचीही ॲलर्जी असते.

आता लिंबू. आपल्या त्वचेचा पीएच साधारण ५ असतो, लिंबाच्या रसाचा २ च्या आसपास. या मोजपट्टीवर एक अंक खाली म्हणजे आम्लता दहापट, म्हणजे रस त्वचेपेक्षा सुमारे हजारपट आम्लधर्मी. म्हणून तो झोंबतो. अनेकींना वाटते, ‘झोंबतंय म्हणजे काम करतंय.’ तसे नाही. झोंबणे म्हणजे त्वचेची तक्रार.

आणखी मोठा धोका उन्हाचा आहे. आपल्या कागदी लिंबात, विशेषतः सालीत, अशी द्रव्ये असतात की ती त्वचेवर असताना ऊन लागले तर त्वचा भाजल्यासारखी होते. समजा, नवरीने निकाहच्या चार दिवस आधी सकाळी लिंबाचा पॅक लावला, चेहरा वरवर धुतला आणि भर मे महिन्यात खरेदीला कर्जतच्या बाजारात गेली. त्या दिवशी काहीच दिसत नाही. एक-दोन दिवसांनी गालावर लाली, आग, कधी फोड येतात. ते बरे झाले की तपकिरी डाग उरतो आणि तो कित्येक आठवडे, कधी महिने राहतो. ज्या डागासाठी लिंबू लावले, त्याहून गडद डाग पदरात पडतो.

म्हणून कृती अशी ठेवा. दोन चमचे बेसन, एक-दीड चमचा दही, चिमूटभर हळद. आधी थोडे कोपराच्या आतल्या बाजूला लावून धुवा आणि दोन दिवस थांबा, कारण ॲलर्जी उशिरा दिसते. खाज किंवा पुरळ नसेल तरच चेहऱ्याला लावा. आठ-दहा मिनिटांत, पूर्ण वाळून तडकण्याआधी, पाणी लावून भिजवा आणि न घासता धुवा. आठवड्यातून एकदा पुरे. वुजूआधी केसांच्या रेषेत आणि कानाजवळ बेसनाचा थर राहिला नाही ना, ते पाहा. थराखाली पाणी पोहोचत नाही. नुसत्या पिवळ्या रंगाची अडचण नाही.

अपेक्षा किती ठेवायची? चेहरा स्वच्छ, थोडा मऊ आणि त्या दिवसापुरता टवटवीत. उन्हाने काळवंडलेली त्वचा आठवड्यांच्या हिशेबाने उजळते आणि त्याला ऊन टाळणे हाच खरा उपाय आहे. जन्मजात रंग कोणत्याही पॅकने बदलत नाही. वांग किंवा मुरुमांचे खड्डेही बेसनाने जात नाहीत, त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञच हवा. निकाहला आठवडा उरला असेल, तर नवीन काही चेहऱ्यावर लावूच नका. वाटीतले लिंबू सरबतात पिळा.