तुळईचा विक्षेप आणि कोनी कंसांची रीत

दोन टोकांना आधार दिलेल्या तुळईवर भार ठेवला की ती खाली झुकते. या झुकण्यासंबंधी अभियंत्यापुढे दोन निराळे प्रश्न उभे राहतात. तुळई मोडेल काय, हा पहिला. आणि ती किती झुकेल, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर समाधानकारक आले म्हणजे दुसरा आपोआप सुटला, असा समज पुष्कळदा आढळतो. तो बरोबर नाही. बळकटीच्या कसोटीला सहज उतरणारी तुळई इतकी झुकू शकते की तिच्यावरील फरशीला भेगा पडाव्यात. म्हणून झुकण्याचे माप, म्हणजे विक्षेप, वेगळे काढावे लागते. हे माप थोडक्या श्रमात काढण्याची एक रीत येथे एका उदाहरणाच्या आधारे समजावून घेऊ.

सहा मीटर लांबीची एक पोलादी तुळई घ्या. तिचे डावे टोक A आणि उजवे टोक B नुसते टेकवलेले आहे. टोके बांधून घट्ट केलेली नाहीत. A पासूनचे अंतर x ने दर्शवू. A पासून १ मीटरवर २४ किलोन्यूटनांचा आणि ५ मीटरवर १२ किलोन्यूटनांचा असे दोन बिंदुभार आहेत. शिवाय २ मीटरपासून ४ मीटरपर्यंतच्या पट्ट्यावर दर मीटरला १० किलोन्यूटन असा समवितरित भार पसरलेला आहे. तुळईचे स्वतःचे वजन या मानाने अल्प असल्यामुळे ते सोडून दिले आहे.

प्रथम आधारांच्या प्रतिक्रिया काढू. पसरलेला भार एकूण २० किलोन्यूटन असून तो बरोबर मध्यावर, ३ मीटरवर, एकवटला आहे असे प्रतिक्रियांपुरते मानता येते. B भोवती परिबले घेतली असता A ची प्रतिक्रिया ३२ किलोन्यूटन येते. एकूण भार ५६ किलोन्यूटन असल्यामुळे B च्या वाट्याला २४ किलोन्यूटन उरतात.

तुळईच्या वक्रतेचा आणि नमन परिबलाचा संबंध सर्वपरिचित आहे. E हा स्थितिस्थापकता गुणांक, I हे छेदाचे निरूढी परिबल आणि y हे वर धन मानलेले विस्थापन असेल, तर

EI y″ = M

या समीकरणाचे दोनदा समाकलन केले की विक्षेप मिळतो. अडचण अशी की M साठी एकच सूत्र संपूर्ण तुळईला लागू पडत नाही. पहिल्या मीटरात एक सूत्र, पहिला भार ओलांडताच दुसरे, पट्टा सुरू होताच तिसरे, तो संपताच चौथे आणि शेवटचा भार ओलांडल्यावर पाचवे. पाच खंडांचे प्रत्येकी दोनदा समाकलन केल्यास दहा स्थिरांक निर्माण होतात. ते काढण्यासाठी, खंड जेथे जुळतात तेथे उतार आणि विक्षेप सारखे असले पाहिजेत, या अटींवरून आठ समीकरणे मांडावी लागतात आणि आधारांवरून आणखी दोन. हे अशक्य नाही, परंतु दहा समीकरणांच्या जंजाळात एखादे चिन्ह चुकले तर ते शोधून काढणे मोठे कष्टाचे काम होते.

जर्मन गणितज्ञ क्लेब्श याने १८६२ सालीच या अडचणीतून वाट काढली होती. पुढे केंब्रिजचे डब्ल्यू. एच. मॅकॉले यांनी १९१९ साली एका छोट्या टिपणात ती विशेष कंसांच्या साहाय्याने सुटसुटीत स्वरूपात मांडली, आणि त्यांचेच नाव रीतीला चिकटले. आज हे कंस कोनी लिहितात. त्यांचा अर्थ असा :

⟨x − a⟩ⁿ = 0, जेव्हा x < a
⟨x − a⟩ⁿ = (x − a)ⁿ, जेव्हा x ≥ a

म्हणजे a हा बिंदू येईपर्यंत कंस निद्रिस्त असतो. तो बिंदू ओलांडला की जागा होतो आणि साध्या कंसाप्रमाणे वागू लागतो. अशा फलनांना संविशेष फलने म्हणतात, कारण a या बिंदूशी त्यांचे वागणे एकाएकी पालटते.

आता नमन परिबल एकाच ओळीत लिहिता येते. डावीकडून निघावे आणि वाटेत भेटणाऱ्या प्रत्येक भाराचे पद जोडत जावे. बिंदुभाराचे पद कंसाच्या पहिल्या घाताचे, तर समवितरित भाराचे पद दुसऱ्या घाताचे असते, व त्याचा गुणक भारतीव्रतेच्या निम्मा असतो.

पट्ट्याच्या बाबतीत मात्र थोडे थांबले पाहिजे. २ मीटरवर जागा झालेला कंस पुन्हा झोपत नाही. त्याच्या हिशेबी भार तुळईच्या अखेरपर्यंत पसरत जातो. आपला भार तर ४ मीटरवर संपतो. तेव्हा युक्ती अशी करावयाची की, भार अखेरपर्यंत जातो असे खुशाल मानावे आणि ४ मीटरपासून पुढे तेवढ्याच तीव्रतेचा, पण वरच्या दिशेचा, दुसरा भार लावावा. दोन्ही एकमेकांना खोडून काढतात आणि ४ मीटरांपुढे भार उरत नाही. याप्रमाणे

M = 32x − 24⟨x−1⟩ − 5⟨x−2⟩² + 5⟨x−4⟩² − 12⟨x−5⟩

हे सूत्र बरोबर आहे की नाही, हे पुढे जाण्यापूर्वीच तपासता येते. B हे टोक नुसते टेकवलेले असल्यामुळे तेथे परिबल शून्य आले पाहिजे. x = 6 घातल्यास १९२ − १२० − ८० + २० − १२, म्हणजे शून्यच येते. भार खोडणारे चौथे पद विसरले असते तर शून्याऐवजी −२० आले असते. ही चूक नवशिक्याकडून फार होते आणि एवढ्या एका बेरजेने ती उघडकीस येते.

आता दोनदा समाकलन करू :

EI y′ = 16x² − 12⟨x−1⟩² − (5/3)⟨x−2⟩³ + (5/3)⟨x−4⟩³ − 6⟨x−5⟩² + C₁

EI y = (16/3)x³ − 4⟨x−1⟩³ − (5/12)⟨x−2⟩⁴ + (5/12)⟨x−4⟩⁴ − 2⟨x−5⟩³ + C₁x + C₂

येथे एक पथ्य कटाक्षाने पाळावयाचे असते. कंस फोडावयाचे नाहीत. प्रत्येक कंस हेच एक चल आहे असे समजून त्याचे अखंड समाकलन करावयाचे. सगळ्या रीतीचे मर्म या पथ्यात आहे. अखंड समाकलन केलेला कंस आपल्या बिंदूपाशी शून्यापासून सुरू होतो. म्हणून नवा कंस जागा होताना उतारात वा विक्षेपात खंड पडत नाही. जुळणीच्या ज्या आठ अटी आपण वेगळ्या मांडणार होतो, त्या आपोआप पाळल्या जातात आणि दहांऐवजी दोनच स्थिरांक उरतात.

A पाशी x = 0 असताना विक्षेप शून्य आहे. तेथे सर्व कंस निद्रिस्त असल्याने C₂ = 0. कंसातील ऋण संख्यांचे घात येथे चुकून हिशेबात धरले, तर C₂ ला काहीतरी किंमत येते. आरंभबिंदूवरच आधार असताना C₂ शून्य न येणे ही त्या चुकीची खूण होय. B पाशी x = 6 घातल्यास

1152 − 500 − 106.67 + 6.67 − 2 + 6C₁ = 0

यावरून ६C₁ = −५५०, म्हणजे C₁ = −९१.६७.

सर्वांत अधिक विक्षेप कोठे असेल? सर्वांत मोठ्या भाराखाली, असे उत्तर सहज सुचते. ते चूक आहे. २४ किलोन्यूटनांच्या भाराखाली, म्हणजे x = 1 येथे, EI y ची किंमत −८६.३३ येते; मध्यावर, x = 3 येथे, ती −१६३.४२ आहे. महत्तम विक्षेप जेथे उतार शून्य होतो तेथे असतो. मध्यावर EI y′ = २.६७ येतो, म्हणजे तुळई तेथे किंचित वर चढू लागलेली आहे. शून्य उताराचा बिंदू थोडा डावीकडे असला पाहिजे. मध्यावरील परिबल ४३ असल्यामुळे २.६७ ला ४३ ने भागले की ०.०६ मीटर मिळतात. म्हणून तो बिंदू सुमारे २.९४ मीटरवर आहे आणि तेथील किंमत −१६३.५० आहे. मध्यावरील किमतीहून ती जवळजवळ वेगळी नाही. हा योगायोग नव्हे. साध्या आधारांवरील एकसारख्या छेदाच्या तुळईवर सर्व भार खालच्या दिशेचे असतील, तर ते कसेही मांडले तरी महत्तम विक्षेपाचा बिंदू मध्यापासून लांबीच्या आठ टक्क्यांहून दूर जात नाही. त्यामुळे घाईच्या वेळी मध्यावरील विक्षेप काढून भागते.

उत्तराची स्वतंत्र तपासणी करावयाची असेल तर तुळई उलट दिशेने वाचावी. B पासून अंतरे मोजली की प्रतिक्रिया २४, पहिला भार १२ आणि शेवटचा २४ होतो. पट्टा जागच्या जागी राहतो. या वेळी C₁ = −८५ येतो आणि मध्यावर १०८ − १६ − ०.४२ − २५५, म्हणजे पुन्हा −१६३.४२. दोन वेगळ्या वाटांनी एकच उत्तर आले, तर हिशेब चुकला नाही असे समजावयास हरकत नाही.

आता प्रत्यक्ष तुळई निवडू. भारतीय मानकातील आय.एस.एम.बी. २२५ या छेदाचे निरूढी परिबल ३,४४१.८ सेंमी.⁴ आहे. पोलादाचा गुणांक २०० गिगापास्कल धरल्यास EI सुमारे ६,८८४ किलोन्यूटन-मीटर² होतो. महत्तम परिबल २.८ मीटरवर, ४३.२ किलोन्यूटन-मीटर आहे. त्यापासून निर्माण होणारा ताण दर चौरस मिलिमीटरला सुमारे १४१ न्यूटन. साध्या पोलादाची शरणसीमा २५० असल्यामुळे, फरशीने तुळईला बाजूने धरून ठेवले असेल तर, बळकटीची चिंता नाही. विक्षेप मात्र १६३.५० ला ६,८८४ ने भागून २३.८ मिलिमीटर येतो. हे सर्व भार वापराचे आहेत असे मानल्यास, भेगा न पडणाऱ्या फरशीसाठीही मानकाची मर्यादा लांबीच्या तीनशेव्या भागाची, म्हणजे २० मिलिमीटरांची आहे. तुळई मोडणार नाही, तरी ती नापास ठरते. पुढचा छेद, आय.एस.एम.बी. २५०, घेतला तर विक्षेप १५.९ मिलिमीटरांवर येतो आणि भेगा पडणाऱ्या फरशीसाठी ठरविलेली १६.७ मिलिमीटरांची अधिक कडक मर्यादाही पाळली जाते. मात्र तुळईचे स्वतःचे वजन येथे सोडलेले असल्यामुळे उरलेली सवड फार मोठी मानू नये.

या रीतीच्या मर्यादाही ध्यानात ठेवाव्यात. छेद टोकापासून टोकापर्यंत सारखा आहे, तुळई स्थितिस्थापक मर्यादेत आहे आणि उतार लहान आहेत, हे तिने गृहीत धरले आहे. आखूड व खोल तुळईत कर्तन बलामुळे होणारा जादा विक्षेप तिच्या हिशेबात येत नाही. मध्येच छेद बदलत असेल, तर EI स्थिर मानून केलेले वरील समाकलन तसेच्या तसे वापरता येत नाही. भार मात्र कितीही वाढले तरी हरकत नाही. प्रत्येक नव्या भाराबरोबर ओळीत एक पद वाढते, पट्ट्याबरोबर दोन. स्थिरांक दोनाचे दोनच राहतात.