गाडीच्या स्क्रीनवर २२५, हवेच्या मशीनवर ३४: टायरमध्ये हवा नक्की किती भरायची?

मागच्या महिन्यात आम्ही पाच जण पुण्याहून ताम्हिणी घाटातून कोकणात निघालो होतो, डिकी गच्च भरलेली. सकाळी पार्किंगमध्येच स्क्रीनवर मागच्या टायरचा आकडा पाहिला: 225 kPa. पंपावर मात्र हवावाल्या दादांनी विचारलं, "किती टाकू, तेहतीस?" कारण त्यांचं मशीन पीएसआयमध्ये बोलतं.

हिशोब अवघड नाही. किलोपास्कलला ७ ने भागा, साधारण पीएसआय मिळतो. बार हवा असेल तर १०० ने भागा. म्हणजे २५० किलोपास्कल म्हणजे २.५ बार, म्हणजे जवळपास ३६ पीएसआय. स्क्रीनवर बार असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा: तिथे ०.१ चा फरक दिसायला किरकोळ, पण तो जवळजवळ दीड पीएसआयचा असतो. बऱ्याच गाड्यांमध्ये सेटिंगमधून युनिट बदलता येतं. मी psi करून टाकलंय.

आता किती भरायची? ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर किंवा दाराच्या कडेला स्टिकर दिसतो. त्यावर बहुतेक वेळा दोन आकडे असतात, एक कमी माणसांसाठी आणि एक फुल लोडसाठी. आमच्या गाडीत मागच्या टायरला एरवी २२० आणि फुल लोडला २५० आहे. टायरच्या बाजूवर छापलेला मोठा आकडा ही त्या टायरची कमाल मर्यादा असते, तो भरायचा नसतो.

खरी गोची पुढे आहे. स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असतानाचा. पंप आमच्यापासून सात किलोमीटर. तिथे पोचेपर्यंत टायर गरम होऊन मशीनवर ३४ दिसत होतं, म्हणजे सुमारे २३५. इथे थेट ३६ भरलं असतं तर थंड झाल्यावर हवा कमीच निघाली असती. म्हणून मी घरी थंड असताना किती कमी आहे ते काढलं होतं: २५० वजा २२५, म्हणजे २५. भागिले ७, साडेतीन, धरा चार. मशीनवर जे दिसेल त्यात चार मिळवायचे. दादांना म्हटलं, "मागे अडतीस करा." त्यांनी जरा वळून बघितलं, पण भरली.

दोन तासांनी घाटात स्क्रीनवर २७५ दिसलं आणि मित्र म्हणाला, "थोडी काढू या का?" नाही काढली. एवढं वाढणं नॉर्मल आहे. तिथे २५० वर आणली असती, तर सकाळी थंड टायरमध्ये पुन्हा २२५ च्या आसपासच राहिली असती, तेही भरलेल्या गाडीत. कमी हवेचा टायर लोडखाली जास्त दबतो, त्याच्या बाजू सतत वाकतात आणि तापतात. हायवेवर टायर फुटण्याचं ते एक मोठं कारण आहे.

मात्र चारपैकी एकाच टायरचा आकडा बाकीच्यांसारखा वाढत नसेल, तर थांबून बघा. तिथे बहुतेक खिळा असतो.

परत आल्यावर सामान उतरवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, टायर थंड असताना, मागे पुन्हा २२० केलं.