बाळंतिणीची झोप आणि प्रश्नावलीचे गुण

तीन आठवड्यांच्या बाळाची एक आई डोळ्यांपुढे आणा. नैराश्य तपासण्यासाठी तिला पीएचक्यू-९ ही प्रश्नावली दिली आहे. गेल्या दोन आठवड्यांविषयी नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण. झोपेचा त्रास? जवळजवळ रोज, ३ गुण. थकवा? तोही रोज, ३. जेवणाच्या वेळा चुकतात, भूक मेली आहे, २. कशात लक्ष लागत नाही, २. उरलेल्या पाच प्रश्नांना शून्य, कारण ती उदास नाही, बाळात रमलेली आहे. बेरीज १०, आणि नैराश्याची शंका घ्यायची ती साधारण १० पासूनच.

दोन दिवसांनी पुन्हा विचारलं तरी उत्तरं बहुधा तीच येतील. बाळ अजून रात्री चारदा उठतंय. पुन्हा मोजल्यावर आकडा टिकतो, या गुणाला विश्वसनीयता म्हणतात. ती इथे चोख आहे. पण मोजलं गेलं ते जागरण. जे मोजायचं ठरवलं तेच मोजलं जातंय का, ही सप्रमाणता, आणि ती मात्र हातातून निसटली. घातक गोष्ट अशी की टिकणारा आकडा पाहून आपण निर्धास्त होतो.

ब्रिटनमध्ये जॉन कॉक्स, जेनिफर होल्डन आणि रूथ सगोव्स्की यांनी १९८७ साली खास बाळंतिणींसाठी दहा प्रश्नांची एडिंबरा प्रश्नावली प्रसिद्ध केली. थकवा आणि भुकेचे प्रश्न त्यांनी ठेवलेच नाहीत. झोपेचा ठेवला, पण वेगळ्या रीतीने: मन इतकं दुःखी आहे का, की त्यामुळे झोप लागत नाही? बाळाने मोडलेली झोप इथे आपोआप बाजूला पडते. एका प्रश्नाची अशी फेररचना मला सगळ्या गणितापेक्षा मोलाची वाटते.

पण प्रश्न पटले म्हणून सप्रमाणता सिद्ध होत नाही. त्यांनी ८४ मातांचे गुण सविस्तर मानसोपचार मुलाखतीच्या निदानाशी ताडून पाहिले. १३ किंवा अधिक गुणांची रेषा धरली, तर नैराश्य असलेल्या शंभरांतल्या ८६ सापडत होत्या, १४ सुटत होत्या. आणि नैराश्य नसलेल्या शंभरांतल्या २२ जणींवर नाहक शंका येत होती. म्हणून ही प्रश्नावली निदान करत नाही, पुढची मुलाखत कुणाची घ्यायची एवढंच सांगते.

ही रेषाही सगळीकडे तशीच चालत नाही. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यातल्या मातांचा अभ्यास केला तेव्हा कोकणी प्रश्नावली वापरली, आणि तिथे रेषा १२ गुणांवर धरली. उदास वाटतं हे एडिंबऱ्यातली आई ज्या शब्दांत कबूल करते, त्या शब्दांत म्हापशातली करेलच असं नाही. भाषांतर अचूक असलं, गुण दरवेळी तेच येत असले, तरी तिथल्या मातांच्या मुलाखती नव्याने घ्याव्याच लागतात.