वार पडल्यानंतरची काही मिनिटं

बाळ जन्मलं, वार पडली, तरी रक्तस्राव थांबत नाही. पोटावर हात ठेवला तर गर्भाशय घट्ट चेंडूसारखं लागायला हवं. ते मऊ, सैल लागतं. गर्भाशयाचे स्नायू आवळले की त्यांतून जाणाऱ्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात. इथे ते आवळलेलेच नाहीत.

खरं तर बाळ जन्मताच ऑक्सिटोसिनचं १० युनिटचं इंजेक्शन स्नायूत देतात. ते स्नायूपेशींत कॅल्शियम वाढवून तालबद्ध कळा आणतं. शिरेतून एकदम ढकललं, तर मात्र रक्तदाब कोसळतो.

तेवढ्याने भागलं नाही, तर पुढचं औषध बाईचा इतिहास पाहून ठरतं. समजा, तिचा रक्तदाब १६०/१०० आहे. मग मिथाइल-अर्गोमेट्रिन बाद. ते गर्भाशय आवळून धरतं, पण शरीरातल्या इतर रक्तवाहिन्याही आकुंचित करून दाब आणखी चढवतं. बाळ पोटात असताना तर ते देतच नाहीत. सलग आवळण्याने बाळाचा प्राणवायू तुटतो.

उरतं कार्बोप्रोस्ट, म्हणजे प्रोस्टाग्लँडिन: २५० मायक्रोग्रॅम, फक्त स्नायूत. पण तिला दमा असेल, तर श्वासनलिका आवळतील. अशा वेळी जिभेखाली मिसोप्रोस्टॉल देतात. थंडी वाजून ताप येतो, पण तो उतरतो. परीक्षेच्या उत्तरात औषधाआधी हे दोन प्रश्न, रक्तदाब आणि दमा, लिहिलेले दिसायला हवेत.

टोकोलिटिक औषधांचं काम उलटं. निफेडिपिन कॅल्शियमची वाट अडवून अकाली कळा सुमारे ४८ तास लांबवतं, तेवढ्यात स्टेरॉइडने बाळाची फुप्फुसं तयार होतात. गर्भाशयात जंतुसंसर्ग किंवा जोराचा रक्तस्राव असेल, तर कळा थोपवत नाहीत.